कव्हर लेटरमध्ये ब्लॉगची लिंक देताना आकडा कसा लिहावा

"माझ्या लेखनामुळे ट्रॅफिक 300 टक्क्यांनी वाढलं" हे वाक्य कंटेंट रायटरच्या कव्हर लेटरमध्ये दिसलं की वाचणाऱ्याला आधी शंका येते. दहा वाचकांचे चाळीस झाले तरी वाढ 300 टक्केच भरते! म्हणून आधीचा आकडा, नंतरचा आकडा, कालावधी आणि तुम्ही नेमकं काय केलंत, हे सगळं एकत्र लिहा. समजा, असं:

"गृहकर्जावरच्या जुन्या लेखाचं शीर्षक आणि सुरुवात मी नव्याने लिहिली, वाचकांचे पाच नेहमीचे प्रश्न त्यात घेतले. गूगलवरून येणारे मासिक क्लिक चार महिन्यांत 120 वरून 410 झाले."

लगेच खाली त्याच लेखाची लिंक. दावा एका लेखाचा आणि लिंक ब्लॉगच्या मुख्य पानाची, असं केलंत तर पडताळून कोण बघणार?

हे आकडे गूगल सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा फिल्टर लावून मिळतात. तिथे मागच्या 16 महिन्यांचाच डेटा दिसतो आणि नोकरी सुटली की ॲक्सेसही जातो, त्यामुळे परवानगी घेऊन नोंद आधीच करून ठेवा. विषय हंगामी असेल तर तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. लेखासोबत जाहिरातही चालू होती? मग तेही लिहा, कारण मुलाखतीत हा प्रश्न येतोच.

दोन-तीन लिंक पुरतात. पाठवण्याआधी प्रत्येक लिंक प्रायव्हेट विंडोत उघडून बघा; लॉगिन मागणारी लिंक समोरचा सोडून देतो. लेखावर तुमचं नाव नसेल तर तसं एका ओळीत सांगा.