लांब बिलाचे फोटो जोडताना: सारख्या ओळींचा सापळा

नागपुरात हिशेबनिशीच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांच्या वाट्याला सुरुवातीस बहुधा खानावळी, वसतिगृहे आणि लहान कार्यालये यांची किराणा बिले येतात. हातभर लांब बिल एकाच फोटोत बसवले की अक्षरे वाचता येत नाहीत. म्हणून त्याचे दोन-तीन फोटो येतात आणि एका फोटोच्या शेवटच्या काही ओळी पुढच्या फोटोच्या आरंभी पुन्हा दिसतात. ओळी उतरवून घेणे तुम्हाला येते, असे मी गृहीत धरतो. खरी कसोटी जोडावर लागते.

अनेक वरिष्ठ सांगतात की सगळ्या ओळी एक्सेलमध्ये एकाखाली एक भरा आणि `Remove Duplicates` चालवा. हा सल्ला मानू नका, मग तो देणारा कितीही जुना असो. ही सोय दोनदा फोटोत आलेली ओळ आणि दोनदा विकत घेतलेली वस्तू यांत फरक करत नाही. कॅशियरने प्रत्येक नग वेगळा स्कॅन केला, तर पुष्कळ यंत्रे तीच वस्तू तितक्या वेळा वेगवेगळ्या ओळींवर छापतात, आणि त्या सगळ्या ओळी खऱ्या असतात.

त्यामुळे सुटी ओळ न जुळवता ओळींचा सलग क्रम जुळवावा. पहिल्या फोटोचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात शेजारी ठेवून नाव, नग आणि रक्कम तिन्ही त्याच क्रमाने कुठपर्यंत जुळतात ते पाहावे. चार-पाच निरनिराळ्या वस्तू ओळीने जुळल्या, तर जोड पक्का समजावा. येथे घाबरण्यासारखे काही नाही आणि बहुतेक बिले इतक्यावरच सुटतात.

ज्या प्रकाराने मला सर्वाधिक छळले तो मात्र सविस्तर सांगतो. समजा, पहिल्या फोटोत तूरडाळ १६५, पोहे ६२, साबण ३८, साबण ३८ अशा ओळी आहेत, आणि दुसऱ्या फोटोत साबण ३८, साबण ३८, साबण ३८, शेंगदाणे १४०, बिस्किटे ३०, तेल १५५ अशा. साबण नेमके किती? दोन ओळी सामाईक मानल्या तर तीन, एक मानली तर चार, आणि एकही सामाईक नसेल तर पाच. क्रम तिन्ही प्रकारे जुळतो, म्हणजे केवळ मजकुरावरून याचे उत्तर मिळत नाही. घाईत असलेला माणूस जास्तीत जास्त जुळणी घेतो आणि तीन साबण लिहितो.

आता बिलाचा तळ पाहा. तेथे एकूण ७०४ रुपये आणि वस्तूंची संख्या ९ छापलेली आहे. साबण वगळता पाच वस्तूंचे ५५२ रुपये होतात. तीन साबणांसह बेरीज ६६६ येते, म्हणजे ३८ रुपये कमी पडतात. फरक एखाद्या ओळीच्या किमतीइतकाच निघाला, तर संशय आधी जोडावर घ्यावा. चार साबण धरले की ७०४ रुपये आणि नऊ ओळी, दोन्ही जुळतात. तरीही मी कागदावरची खूण शोधतोच: येथे पहिल्या फोटोतील शेवटच्या साबणाच्या रकमेशेजारी तेलाचा डाग आहे, आणि दुसऱ्या फोटोत तोच डाग पहिल्या साबणाजवळ दिसतो. सामाईक ओळ एकच, हे यावरून निश्चित होते. घडी, फाटलेली कड, पुसट छपाईचा पट्टा यांचाही असाच उपयोग होतो.

तळच्या आकड्यांवर आंधळा विश्वासही नको. काही बिलांवर ओळींची संख्या असते, तर काहींवर नगांची बेरीज, जिच्यात सुट्या मालाचे ०.७५० किलोसारखे वजनही मिसळलेले असते. सवलत आणि रुपयाची पूर्णांकी वेगळी मांडावी. भाव एमआरपीचे असतील, तर त्यांत जीएसटी धरलेलाच असतो. तळाचा करतक्ता पाहून तो पुन्हा मिळवू नये.

फोटोच्या कडेला अर्धी कापलेली ओळ कधीही वाचू नये. ती ज्या फोटोत पूर्ण आहे तेथूनच घ्यावी. नाव एका ओळीवर आणि नग व रक्कम खालच्या ओळीवर छापणाऱ्या बिलांत हे विशेष जपावे लागते, कारण वस्तूचे नाव एका फोटोत आणि तिची रक्कम दुसऱ्यात गेली, तर ती रक्कम शेजारच्या वस्तूला चिकटते.

फोटो काढणे तुमच्याच हाती असेल, तर निम्मे श्रम वाचतात. किमान पाच-सहा निरनिराळ्या वस्तू दोन्ही फोटोंत येऊ द्याव्यात आणि जोड सारख्या ओळींच्या रांगेत पडू देऊ नये. थर्मल कागदावर नख ओढले की काळी रेघ उमटते. अशी एक रेघ समासात जोडाच्या जागी दिली की पुढे वाद उरत नाही. मोबाइलच्या पॅनोरमाने बिल टिपणे मला मुळीच मान्य नाही, कारण सारख्या दिसणाऱ्या ओळींवर त्याची जुळणी घसरते आणि गिळलेली ओळ नंतर दिसतही नाही. फोटो त्याच दिवशी काढावा. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेले थर्मल बिल उष्णतेने काळवंडते.

तळ फोटोत नसेल आणि डाग वा घडीही दिसत नसेल, तर साबणांची संख्या अंदाजाने लिहू नये. त्या ओळीपुढे "३ ते ५, जोड अनिश्चित" अशी नोंद करून मूळ कागद मागवावा.