एनसीआरमध्ये ‘मानवी चूक’ लिहून मोकळे होऊ नका

प्रयोगशाळेच्या अंतर्गत ऑडिटमध्ये एनसी, म्हणजे ठरलेल्या अपेक्षेशी न जुळणारी त्रुटी, निघते, ती एनसीआर या अहवालात नोंदवली जाते, आठवड्याभरात ‘संबंधित अ‍ॅनालिस्टला प्रशिक्षण दिले’ असे लिहून ती बंद होते आणि पुढच्या वर्षी तीच एनसी दुसऱ्या खोलीत सापडते. घोळ कुठे होतो, ते बॅलन्सच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या अचूक तराजूच्या, एका नमुनादाखल घेतलेल्या एनसीवरून पाहू.

एनसी लिहितानाच होणारी चूक

‘बॅलन्सच्या दैनिक तपासणीकडे दुर्लक्ष होते’ हे ऑडिटरचे मत झाले. अशा वाक्यावर वाद घालता येतो, शोध घेता येत नाही. एनसीत तीन गोष्टी हव्यात: अपेक्षा काय होती, पुरावा काय मिळाला आणि दोन्हींत फरक कुठे पडला.

तीच एनसी एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती, आणि चाचणी प्रयोगशाळांच्या मानकाचे कलम यांच्या आधारे अशी लिहावी: “एसओपीनुसार १०० ग्रॅम चेक वेटचे वाचन ±०.५ मिलिग्रॅममध्ये हवे, नाहीतर बॅलन्स वापरातून काढावा. बॅलन्स क्र. २ च्या लॉगशीटवर ११, १२ व १३ जूनची वाचने १००.०००७, १००.०००८ व १००.०००६ ग्रॅम आहेत. तिन्ही दिवशी या बॅलन्सवर नमुने तोलल्याचे वर्कशीटवरून दिसते. बॅलन्स थांबवल्याची नोंद नाही. आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७, कलम ६.४.९.” यात कोणाचेही नाव नाही, ‘नेहमी’, ‘नीट’, ‘योग्य’ असे शब्द नाहीत. उपाय सुचवण्याचा मोहही इथे आवरावा; ऑडिटरने उपाय लिहिला की प्रयोगशाळा कारण शोधायचे सोडून देते.

आधी गेलेल्या रिपोर्टचे काय?

हा प्रश्न सर्रास राहून जातो. बॅलन्सला ‘वापरू नये’चे लेबल लावले, लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणला, अ‍ॅडजस्टमेंट करून चेक वेट पुन्हा ठेवले, हे झाले तात्पुरते दुरुस्तीचे काम. याच मानकाचे कलम ७.१० आधीच्या निकालांवर काय परिणाम झाला तेही तपासायला सांगते.

इथे सरसकट ‘परिणाम नाही’ लिहू नये. फरक वजनाच्या प्रमाणात आहे असे धरले, तर ०.५ ग्रॅम नमुना थेट तोलताना तो जेमतेम ०.००३ ते ०.००४ मिलिग्रॅम येतो; चार दशांश स्थळांच्या बॅलन्सवर दिसणारही नाही. पण ५० ग्रॅमची रिकामी डिश १० जूनला (वाचन १००.०००१) तोलली आणि वाळवलेल्या अवशेषासह ११ जूनला (१००.०००७) तोलली, तर मधल्या ०.६ मिलिग्रॅमच्या सरकण्यामुळे डिशच्या वजनात सुमारे ०.३ मिलिग्रॅमची भर पडते. अवशेष १२ मिलिग्रॅम असेल तर ही चूक अडीच टक्के झाली. म्हणजे एकाच बॅलन्सवरच्या दोन चाचण्यांचे उत्तर वेगवेगळे. दुसऱ्या चाचणीचे रिपोर्ट बाजूला काढून स्वीकारमर्यादेशी ताडून पाहावे लागतात आणि गरज पडल्यास ग्राहकाला कळवावे लागते.

‘का’ची साखळी माणसापाशी तुटते

अ‍ॅनालिस्टने काम का थांबवले नाही? ‘लक्ष नव्हते’ या उत्तरावर थांबलात तर संपलेच. लॉगशीट हातात घेऊन पाहा: तिच्यावर मर्यादा ±१ मिलिग्रॅम छापलेली आहे. त्या कागदाप्रमाणे तिन्ही वाचने पास आहेत! जुनी मर्यादा का राहिली? एसओपी सुधारली, फॉर्म तसाच राहिला. फॉर्म का राहिला? कागदपत्र-बदलाच्या अर्जात ‘या बदलाने कोणते फॉर्म बदलतील?’ असा रकानाच नाही. आता हाताला काहीतरी लागले.

दुसरी साखळीही चालवावी: चूक पकडली का गेली नाही? पर्यवेक्षकाची सही रकाने भरलेत का एवढेच पाहून होत होती. बॅलन्स मुळात का सरकला, हा तिसरा, तांत्रिक प्रश्न. त्याचे उत्तर या दोन्हींत मिसळू नये.

सापडलेले कारण खरे आहे का, हे पडताळता येते. अर्जातला रकाना हेच कारण असेल, तर त्याच वाटेने बदललेल्या इतर एसओपींचे काही फॉर्मही जुने निघायला हवेत. वर्षभरातल्या बदलांची यादी काढा आणि प्रत्येक फॉर्म जुळवा. पीएच मीटरच्या लॉगशीटवरही जुनी मर्यादा सापडली, तर कारणाला बळ मिळाले. बाकी सगळे फॉर्म अद्ययावत असतील, तर साखळी पुन्हा तपासा. हेच काम कलम ८.७ मधल्या ‘अशीच त्रुटी आणखी कुठे आहे का’ या अपेक्षेलाही पुरते.

एनसी बंद करण्याची घाई

नवा फॉर्म छापला त्याच दिवशी एनसी बंद करू नये. तो कृती झाल्याचा पुरावा आहे, ती लागू पडल्याचा नाही. प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकाचेही तेच. काय पाहिल्यावर बंद करायची, हे आधीच लिहून ठेवा: उदाहरणार्थ, पुढच्या तीन एसओपी-बदलांत संबंधित फॉर्म त्याच तारखेला बदलले का आणि कामाच्या टेबलावर जुनी प्रत उरली नाही ना. तीन बदल व्हायला चार महिने लागले तर एनसी चार महिने उघडी राहू द्या, फक्त मुदतवाढीचे कारण नोंदवा.