फोटो उडाला, उत्तरं उरली

अमळनेरला मी बारावीच्या इंग्रजीची शिकवणी घेतो. मागच्या आठवड्यात रात्री एका विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, फोटू उडी गया." मोबाइलमध्ये जागा करताना व्हॉइस आणि रिपोर्टेड स्पीच बदलायला फळ्यावर दिलेल्या वाक्यांचा फोटो गेला होता आणि वहीत नुसती उत्तरं होती. नव्यानं शिकवायला लागलात तर असा फोन तुम्हालाही येईल. मीही आधी "दुसरी वाक्यं घे" म्हणून मोकळा व्हायचो.

पण व्हॉइसचं उत्तर हातात असेल तर मूळ वाक्य बहुतेक वेळा परत मिळतं. त्याच्या वहीत होतं, "द कॉटन हॅज बीन सोल्ड बाय हिम." 'बीन' काढा, 'हिम'चा 'ही' करून पुढे आणा: "ही हॅज सोल्ड द कॉटन." काळ कुठंच हरवलेला नाही. मात्र शेवटी 'बाय देम' असतं तर 'हॅज'चं 'हॅव' करावं लागलं असतं. मुलं इथंच घसरतात. आणि 'बाय' नसेलच, तर कापूस विकला कोणी हे उत्तरातून कळत नाही. तिथं 'समवन' घालून सराव होतो, मूळ वाक्य सापडलं असं मात्र समजू नये.

रिपोर्टेड स्पीचमध्ये खरी पंचाईत होते. "शी सेड दॅट शी हॅड पेड द फीज." ती मुळात काय म्हणाली? 'आय पेड', 'आय हॅव पेड' की 'आय हॅड पेड'? तिन्हींचं उत्तर 'हॅड पेड'च. कितीही डोकं लावा, एका उत्तरावरून ठरत नाही.

कधी वेळ दाखवणारा शब्द मदतीला येतो. त्याच वहीत पुढे होतं, "रवी टोल्ड मी दॅट ही हॅड सीन माय ब्रदर देअर द डे बिफोर." 'द डे बिफोर' म्हणजे मुळात 'यस्टरडे', आणि 'यस्टरडे'बरोबर 'हॅव सीन' चालत नाही. म्हणून 'सॉ' धरायचं. रवी माझ्याशी बोलला, तेव्हा 'माय'चं 'युअर' होणार आणि 'देअर'चं 'हिअर'. वाक्य जमलं: "आय सॉ युअर ब्रदर हिअर यस्टरडे."

फीचं वाक्य अडलंच होतं. त्याला म्हटलं, मित्राला फोन लाव, पण "वाक्य सांग" एवढंच म्हणू नकोस. अवतरणचिन्हातलं प्रत्येक क्रियापद स्पेलिंगसकट विचार. घाईत वाचताना 'हॅव' गिळला जातो. बाहेर 'सेड' आहे की 'सेज' तेही विचार, कारण 'सेज' असेल तर आतला काळ बदलतच नाही.

दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला: 'सेड', आत 'हॅव पेड'. आणि खाली, मित्रानं 'हॅड'ऐवजी 'हॅज' लिहिलंय, त्याला सांगू का?