विमा घेण्याआधीची वैद्यकीय तपासणी: खर्च परत मिळवताना या चुका टाळा

देवगड तालुक्यातील आमच्या वाडीत गेल्या वर्षी एका शेजारी जोडप्याने दहा लाखांची आरोग्य विमा पॉलिसी घ्यायचे ठरवले. काकांचे वय अठ्ठावन्न आणि काकूंचे चौपन्न असल्यामुळे कंपनीने दोघांनाही पॉलिसीपूर्व तपासणी सांगितली. "एजंटान सांगल्यान, अर्धे पैशे परत गावतले," असे काका मला निश्चिंतपणे म्हणाले. एजंटाचे म्हणणे खोटे नव्हते, पण अर्धे कशाचे, कधी आणि कोणत्या कागदावर, हे दोघांपैकी कोणीच विचारले नव्हते. पॉलिसीची कागदपत्रे पाहून देण्यासाठी ते माझ्याकडे आले, तोपर्यंत त्यांचे ६,३०० रुपये खर्च झाले होते.

पहिली चूक तपासणीच्या जागेची होती. वेळ वाचावा म्हणून काकांनी आधी जवळच्या ओळखीच्या लॅबमध्ये रक्त आणि लघवी तपासून घेतली आणि त्याचे १,२०० रुपये भरले. ते रिपोर्ट कंपनीने स्वीकारले नाहीत. कंपनी किंवा तिच्या वतीने तपासणीची व्यवस्था पाहणारी टीपीए संस्था ज्या केंद्रांशी करारबद्ध असते, साधारणपणे त्यांचेच रिपोर्ट ग्राह्य धरले जातात आणि परताव्याचा हिशेबही तिथल्याच बिलावर होतो. काकांना जवळचे असे केंद्र कुडाळला मिळाले. कोकणात ही अडचण नेहमीची आहे, कारण यादीतील केंद्रे बहुधा रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा कुडाळ अशा मोठ्या गावांत असतात आणि खाडीपलीकडच्या माणसाला तिथे जाण्यातच अर्धा दिवस घालवावा लागतो. रक्ताचा नमुना घरून नेण्याची सोय काही ठिकाणी मिळते, ती अवश्य विचारावी. मात्र ट्रेडमिलवरची टीएमटी किंवा टू-डी इको अशी हृदयाची तपासणी सांगितली असेल, तर केंद्रावर जाण्यावाचून गत्यंतर नसते.

त्यात आणखी एक फेरी वाढली. उपाशीपोटी साखर तपासायची असल्याने दहा-बारा तास काही खायचे नव्हते, पण नांदगाव तिठ्यावर गाडी थांबली तेव्हा काकूंनी सवयीने साखरेचा चहा घेतला. केंद्रावरच्या मुलीने चौकशी केली आणि काकूंचा नमुना न घेता त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावले. दोन्ही फेऱ्यांचे मिळून ६०० रुपये प्रवासखर्च झाला. हा खर्च तपासणीचा भाग धरला जात नाही, त्यामुळे परताव्याच्या हिशेबात त्याला स्थान नाही. घर दूर असेल, तर सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि सोबत पाण्याशिवाय काहीही ठेवू नये.

आता मुख्य प्रश्न असा की हा खर्च मुळात कोणाचा. भारतीय विमा नियामकाच्या २०१६ च्या आरोग्य विमा नियमावलीत असे होते की तपासणीचा खर्च सर्वसाधारणपणे प्रीमियम ठरवतानाच्या खर्चात धरलेला असावा. एक वर्ष किंवा त्याहून कमी मुदतीच्या पॉलिसीत तो ग्राहकाला करावा लागला, तर प्रस्ताव स्वीकारल्यावर किमान ५० टक्के कंपनीने सोसावा, आणि प्रवास विमा याला अपवाद. २०२४ मध्ये नवी नियमावली आली, त्यामुळे जुन्या वाक्यावर हक्क सांगत बसण्यापेक्षा आपल्या योजनेच्या माहितीपत्रकातील तपासणी खर्चाचे वाक्य वाचणे शहाणपणाचे. काही योजनांत कंपनी केंद्राला परस्पर पैसे देते, काहींत निम्मा खर्च मिळतो, तर काहींत पूर्ण. मुदत विम्यासारख्या जीवन विम्यात बहुतेक वेळा कंपनीच खर्च करते, म्हणून तो अनुभव आरोग्य विम्याला लावू नये. एजंटाने "मेडिकल फ्री" म्हटले, तर तेवढे एक वाक्य त्याच्याकडून ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे. माझ्या मते लिहून देण्यास टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे.

निम्म्या खर्चाच्या त्या नियमातला सर्वांत महत्त्वाचा शब्द "स्वीकारल्यावर" हा आहे, आणि काकांची खरी गफलत इथे झाली. कुडाळच्या केंद्रात काकांच्या तपासण्यांचे २,६०० आणि काकूंच्या तपासण्यांचे १,९०० असे मिळून ४,५०० रुपये झाले. त्याचे निम्मे २,२५० रुपये मिळतील, असे ते धरून चालले होते. प्रत्यक्षात काकूंचे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारे प्रमाण, जास्त आल्याने त्यांचा प्रस्ताव कंपनीने सहा महिने पुढे ढकलला. पुढे ढकलणे म्हणजे स्वीकारणे नव्हे. त्यामुळे त्यांच्या १,९०० रुपयांवर काहीच मिळाले नाही. काकांच्या ईसीजीतील किरकोळ दोषामुळे त्यांना वाढीव प्रीमियम सांगण्यात आला. हा कंपनीने ठेवलेला बदललेला प्रस्ताव असतो आणि त्याला आपली लेखी संमती लागते. काकांनी संमती दिली, पॉलिसी निघाली आणि १,३०० रुपयांचा परतावा देय झाला. संमती दिली नसती, तर पॉलिसीच निघाली नसती आणि हा परतावाही गेला असता.

पण ते १,३०० रुपयेही लगेच आले नाहीत, कारण केंद्राने दोघांची मिळून एकच पावती काकांच्या नावाने फाडली होती आणि तीवर फक्त "आरोग्य तपासणी ४,५००" एवढेच लिहिले होते. कोणाच्या कोणत्या तपासणीचे किती, हे कळत नाही म्हणून कंपनीने मागणी परत पाठवली. केंद्राने जुन्या नोंदीवरून नावनिहाय आणि तपासणीनिहाय बिल करून दिले, तेव्हा कुठे काम मार्गी लागले. पैसे भरतानाच प्रत्येकाचे वेगळे बिल, त्यावर प्रस्ताव क्रमांक, तपासण्यांची नावे आणि केंद्राचा शिक्का एवढे पाहून घ्यावे. काही कंपन्या पॉलिसी निघताच बँक खात्यात रक्कम जमा करतात, तर काही मूळ पावती आणि रद्द केलेला धनादेश मागतात. न मागता मिळेल, असे गृहीत धरून पावती हरवू देऊ नये. उत्तर आले नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे, आणि तरीही दाद लागली नाही, तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

रिपोर्टची प्रत मात्र काकूंनी मागून घेतली, हे बरे झाले. सहा महिन्यांनी साखर कितपत खाली आली, हे डॉक्टरांना त्यावरून कळेल. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या प्रस्ताव अर्जात "याआधी प्रस्ताव नाकारला किंवा पुढे ढकलला गेला होता का" असा प्रश्न असतो. तिथे "नाही" लिहिले, तर पुढे दाव्याच्या वेळी तेच उत्तर अडवणुकीचे कारण ठरते.

पॉलिसी हाती आल्यावर काकांच्या मनात ती परत करण्याचा विचार आला होता, तेव्हा आणखी एक बाब तपासावी लागली. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत ती परत करता येते, पण परत मिळणाऱ्या प्रीमियममधून तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा हिस्सा, मुद्रांक शुल्क आणि कंपनीने वैद्यकीय तपासणीवर केलेला खर्च वजा होतो. काकांच्या बाबतीत कंपनीचा खर्च म्हणजे तिने परत दिलेले १,३०० रुपये. कपातीच्या तक्त्यात याऐवजी पूर्ण २,६०० रुपये दिसले असते, तर निम्मा खर्च आपण स्वतः सोसला आहे, हे बिल जोडून लेखी कळवावे लागले असते. काकांनी पॉलिसी ठेवली, पण केंद्राचे ते नावनिहाय बिल अजूनही पॉलिसीच्याच फायलीत टाचलेले आहे.