पिवळ्या खोडव्यावर हिराकस मारताना या चुका टाळा

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या आबांचा वीस गुंठे उसाचा खोडवा दोन दिवसांत करपला. निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला आमची रानं आहेत, काळी आणि चुनखडीची. खोडवा दीड महिन्याचा झाला की त्यात पिवळे-पांढरे पट्टे दिसायला लागतात. आपल्याकडे त्याला केवडा पडला म्हणतात. दुकानात कुणीतरी सांगितलं, हिराकस, म्हणजे लोहाचं खत, आणि युरिया मारा. सल्ला चुकीचा नव्हता, पण मारायची रीत चुकली. तिसऱ्या दिवशी आबा बांधावर उभे राहून म्हणाले, "पिवळं होतं ते बरं होतं की रं."

मी त्यांना विचारलं, पंपाला किती घातलं?

"हिराकस दोन मुठी, युरिया ओंजळभर. आमी असंच घालतोय."

मग घरातला वजनकाटा आणला आणि आबांचीच मूठ मोजली. एक मूठ हिराकस नव्वद ग्रॅम भरलं. ओंजळ युरिया तीनशे तीस ग्रॅम. पंप पंधरा लिटरचा. म्हणजे लिटरला १२ ग्रॅम हिराकस आणि २२ ग्रॅम युरिया, मिळून ३४ ग्रॅम. कोवळ्या खोडव्याला हिराकस लिटरला ५ ग्रॅम आणि युरिया १० ग्रॅम पुरतो. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम आणि १५० ग्रॅम. आबांनी दुपटीहून जास्त खार पानावर ओतला होता, आणि तोही दुपारी बारा वाजता.

टक्केवारीचा हिशेब फार सोपा आहे. एक टक्का म्हणजे लिटरला दहा ग्रॅम. अर्धा टक्का म्हणजे पाच. ज्याला जेवढ्या लिटरचा पंप, त्याने तेवढ्याने गुणावं. बॅटरीचा पंप अठरा-वीस लिटरचाही असतो, म्हणून "पंपाला अमुक" हे माप दुसऱ्याकडून उसनं घेऊ नका.

पिवळं कशामुळे, ते आधी ठरवा

फवारणीने सगळंच पिवळं हिरवं होत नाही. लोहाच्या कमतरतेत पोंग्यातलं, म्हणजे शेंड्याच्या सुरळीतलं, नवं पान आधी पिवळं पडतं, शिरा हिरव्या राहतात आणि मधले उभे पट्टे फिके होतात. खालची जुनी पानं हिरवीच असतात. याच्या उलट खालची पानं आधी फिकी पडली आणि अख्खं पान सारखं पिवळसर दिसलं, तर नत्र कमी आहे. तिथं हिराकस मारून काही मिळणार नाही. आणि एखाद-दुसऱ्या बेटालाच गवतासारखे बारीक, पांढरट फुटवे गच्च आले असतील तर तो गवताळ वाढीचा रोग आहे. ते बेट खणून काढायचं, त्याला फवारणी नाही.

शंका असेल तर पंप उचलायच्या आधी एक खेळ करून बघा. पाव लिटर पाण्यात सव्वा ग्रॅम हिराकस विरघळवा, चिंधी भिजवून चार-पाच पिवळ्या पानांना अर्ध्या भागावर पुसा आणि पानाला दोरा बांधून ठेवा. आठवड्याभरात पुसलेला भाग हिरवा झाला आणि उरलेला तसाच राहिला, तर दुखणं लोहाचंच. आबांच्या रानात करपण्यातून वाचलेल्या पानांवर हेच दिसलं. जिथं बारीक थेंब पडले होते तिथं पिवळ्या पानावर हिरवे ठिपके उमटले होते, जणू कुणी टाचणीने रंग टोचलाय. औषध बरोबर होतं, हे त्या ठिपक्यांनीच सांगितलं.

ते ठिपके आणखीही एक गोष्ट सांगतात. लोह पानात जिथं शिरतं तिथंच राहतं, पुढच्या नव्या पानात सरकत नाही. म्हणून एका फवारणीनंतर निघालेलं पान पुन्हा पिवळं आलं तर औषध बोगस होतं असं समजू नका. आठ-दहा दिवसांनी दुसरी, गरज पडली तर तिसरी फवारणी घ्यावी लागते. एकदाच जोरात मारून भागवू म्हणाल, तर फक्त करपणं वाढतं.

पान पितं किती आणि केव्हा

पानावर मेणाचा थर असतो, उसाच्या पानावर तर चांगलाच. त्या थरातल्या सूक्ष्म वाटांनी आणि थोडं पर्णरंध्रांतून खत आत जातं, पण ते पाण्यात विरघळलेलं असेल तोवरच. थेंब वाळला की खताचे खडे पानावर बसतात आणि आत जाणं जवळपास थांबतं. एप्रिलच्या दुपारी थेंब काही मिनिटांत वाळतो. वाळताना त्यातलं पाणी उडतं, खार तेवढाच राहतो, म्हणजे लिटरला पाच ग्रॅमचं द्रावण पानावर बघता बघता कितीतरी घट्ट होतं. तोच खार पानाच्या पेशीतलं पाणी ओढून घेतो. करपण्याचं मूळ तिथं आहे. बारा वाजता मारलेलं पानात कमी जातं आणि पानाला जाळतं जास्त, असा दुहेरी तोटा.

म्हणून वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर, साडेचार-पाचच्या पुढं. रात्री हवेत ओल असते, थेंब उशिरा वाळतो, आणि पहाटेच्या दवाने वाळलेले खडे पुन्हा ओले होऊन थोडं आणखी आत जातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एक अडचण असते, ती म्हणजे वळीव. दुपारी ढग दाटायला लागले असतील तर संध्याकाळची फवारणी धुऊन जायची. पाऊस पडायच्या आधी निदान पाच-सहा तास मिळायला हवेत. अशा दिवसांत सकाळी धरावं, दव ओसरल्यावर, आणि नऊच्या आत आटपावं. दवाने थबथबलेल्या पानावर मारलं तर द्रावण ओघळून पोंग्यात जातं.

पोंग्याचं हे नीट लक्षात घ्या. उसाची रचनाच नाळक्यासारखी आहे. जास्त भिजवलं की पाणी पानावरून घसरून पोंग्यात साचतं आणि तिथं आटून घट्ट होतं. कोवळा शेंडा मग तिथंच भाजतो. पान ओलं दिसावं, टपकू नये. नोझल बारीक फवाऱ्याचं हवं आणि पाय थांबता कामा नये.

पाणी तुटलेल्या रानातही मारू नका. दुपारी पानं सुरळी करून उभी राहत असतील तर आधी पाणी द्या, दोन-तीन दिवसांनी वाफसा आला की फवारा. तहानलेलं पान लवकर करपतं.

द्रावण करताना

आबांनी हिराकस आणि युरिया थेट पंपात घालून वरून पाणी ओतलं होतं. हिराकसाचे खडे तळाला बसले, आणि पंप ओढतो तळातूनच. त्याचा पुरावा रानात होता. जिथं जिथं भरलेला पंप सुरू केला होता, तिथल्या पहिल्या दोन-तीन सऱ्या काळ्या पडल्या होत्या आणि पुढं करपणं कमी कमी होत गेलं होतं. शिवाय बांधाकडे वळताना पाय थांबला तिथं दुहेरी मार बसला होता.

रीत अशी. बादलीत पाणी घ्या, त्यात आधी लिंबूसत्त्व घाला, पंपाला १५ ग्रॅम. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. अशा पाण्यात हिराकस नुसतं घातलं तर थोड्या वेळाने फिकट हिरवं द्रावण गढूळ तांबूस होतं, म्हणजे लोखंड गंजून खाली बसायला लागलं. ते पान घेत नाही. लिंबूसत्त्वाने पाणी आंबट होतं आणि हे थांबतं. मग हिराकस, मग युरिया. युरिया विरघळताना बादली हाताला गार लागते, तो गारवा जाईस्तोवर थोडं थांबून ढवळा. फडक्यातून गाळून मगच पंपात. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. दुकानातून आणतानाही हिराकस बघून घ्या. खडा हिरवट हवा, वरून पिवळा-तांबूस भुगा धरला असेल तर माल जुना आहे.

यात १९:१९:१९ किंवा १२:६१:० मिसळू नका. स्फुरद आणि लोह एकमेकांना धरून साका होतो. पंप अडकतो ते वेगळंच, दोन्ही खतं वाया जातात. स्टिकर लिटरला अर्धा मिली पुरे. जास्त घातलं तर द्रावण जास्त शिरतं, आणि जाळतंही जास्त.

आता ड्रोनवाले गावोगावी येतात, त्यांच्याबद्दल लोक विचारतात. हाताच्या पंपाने एकराला दोनशे लिटर पाणी लागतं, त्यात अर्ध्या टक्क्याने एक किलो हिराकस बसतं. ड्रोन एकराला साधारण दहा लिटरच पाणी मारतो. त्यात तोच किलो घातला तर द्रावण दहा टक्क्यांचं होईल आणि रान जळेल. अर्धा टक्काच ठेवला तर एकराला जेमतेम ५० ग्रॅम हिराकस पडेल. म्हणून या कामाला माझ्या मते ड्रोन बोलवू नये.

करपलं तर

खताने करपलेलं एक-दोन दिवसांतच दिसतं. टोकं, कडा आणि थेंब थांबलेल्या जागा आधी तपकिरी होतात, आणि त्यानंतर ते पसरत नाही. रोग असेल तर दिवसेंदिवस वाढत जातो. मारल्यावर लगेच चूक कळली तर तासाभरात साध्या पाण्याने पानं धुऊन घ्या. उशीर झाला असेल तर करपलेला भाग काही हिरवा होत नाही, त्यावर दुसरं टॉनिक मारायची घाई करू नका. हलकं पाणी द्या आणि पोंगा ओढून बघा. घट्ट असेल तर शेंडा जिवंत आहे. सहज उपटून आला तर तो फुटवा गेला. त्याला घाण वास आणि खाली छिद्र असेल तर ते खोडकिडीचं काम, खताला दोष देऊ नका.

आबांच्या रानात बहुतेक पोंगे घट्ट निघाले. आठवडा थांबून आम्ही एकराला १० किलो या हिशेबाने वीस गुंठ्यांना पाच किलो हिराकस दहापट शेणखतात मुरवून बुडख्याशी दिलं, पाण्याची पाळी लांबवली आणि नवी पानं आल्यावर संध्याकाळी अर्ध्या टक्क्याने दोन फवारण्या घेतल्या. खरं सांगायचं तर खोडव्याला नवी मुळी सुटली की केवडा बऱ्याचदा आपोआपही ओसरतो. फवारणी तोवरची सोय आहे. एकराला किलोभर हिराकसात लोह असतं दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि पिकाला लोह लागतंच थोडं, म्हणून ते पानातून भागतं. नत्राचं तसं नाही. दोन टक्के युरियाच्या दोनशे लिटरमध्ये नत्र दोन किलोही भरत नाही, आणि उसाला एकरी शंभराच्या घरात लागतं. ते मुळातूनच द्यावं लागणार.

आबांच्या पंपाला आता स्टीलची एक वाटी सुतळीने बांधलेली असते. आत खिळ्याने ओरखडा काढलाय, तिथवर हिराकस भरलं की ७५ ग्रॅम. युरियाला ती खूण चालत नाही, तो हलका असतो, म्हणून त्याची वाटी वेगळी आहे.