जर्मनीची ऑफर: पगार वाढवून मागताना तारखेचाही विचार करा

2025 मध्ये मी पुण्यात नोकरी करत असताना लाइपझिगच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीकडून सॉफ्टवेअर डेव्हलपरची ऑफर आली. वर्षाला 46,500 युरो आणि 1 ऑक्टोबरला रुजू व्हायचं. एचआरच्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला जर्मनीतला अनुभव नाही, म्हणून सुरुवात इथूनच."

अनुभवावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. ब्लू कार्डचे, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्याचे नियम मात्र उपयोगी पडले. 2025 साठी किमान पगाराची अट 48,300 युरो होती. आयटीसारख्या मनुष्यबळ कमी असलेल्या क्षेत्रांना 43,759.80 युरोही चालत होते, पण तेव्हा तिथल्या रोजगार संस्थेची संमती लागते. पगार तिथल्या कर्मचाऱ्यांच्या बरोबरीचा आहे ना, हे ती तपासते. मोठी मर्यादा ओलांडली की ही पायरीच गळते. (आकडे दर जानेवारीला बदलतात, तुमच्या वर्षाचे बघा.)

म्हणून मी लिहिलं: "48,600 केलेत तर संमतीची पायरी लागणार नाही, आणि मी लवकर रुजू होण्याची शक्यता वाढेल." त्यांना माणूस लवकर हवा होता, त्यामुळे हे पटलं. बोनसमध्ये फरक भरून काढू, असं त्यांनी आधी सुचवलं होतं. पण कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस या मर्यादेत धरत नाहीत, म्हणून मूळ पगारातच वाढ मागितली. एकट्या माणसाच्या करवर्गात महिन्याला हातात येणारा फरक शंभर युरोंच्या आतबाहेर, म्हणजे पैशांचा फायदा बेताचाच. खरा फायदा वेळेचा.

आता तारीख. आपला नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सांगताना संकोच वाटतो, पण तिकडेही तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते, कुणी भुवया उंचावत नाही. खरी अडचण अशी की व्हिसा हातात पडेपर्यंत राजीनामा देणं धोक्याचं. व्हिसाला दोन महिने धरले आणि त्यावर नोटीसचे तीन, तर जुलैत सही करून ऑक्टोबर गाठणं अशक्यच. मी 1 डिसेंबर मागितला आणि करारात "1 डिसेंबर, किंवा व्हिसा मिळाल्यावर परस्पर संमतीने ठरेल ती तारीख" असं घालून घेतलं. पाच महिन्यांचा हिशोब तारखांसकट मेलमध्ये मांडला, म्हणून ते मान्य झालं. पुढे तारीख सरकली तर व्हिसाच्या कागदपत्रांवरची तारीखही कंपनीला बदलून द्यावी लागते, हे एचआरच्या कानावर आधीच घाला.

कंपनीला फारच घाई असेल तर जलद प्रक्रियेचा पर्याय आहे. अर्ज कंपनीच तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात करते, शुल्क 411 युरो. त्या कार्यालयाची पूर्वसंमती मिळाली की दूतावासाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत मिळते. हे शुल्क कंपनीनं भरावं, असं मी स्पष्ट विचारलं असतं; आमच्या बाबतीत गरज पडली नाही. इकडे मॅनेजरनं नोटीसमधले काही दिवस माफ केले, पण ते गृहीत धरून तिकडे तारीख देऊ नका.