चाळीस हजार शब्दांतून वजनानुसार झटपट निवड

माझ्या सिम्युलेशनमध्ये 40,000 शब्दांतून वारंवारतेनुसार एक शब्द कोट्यवधी वेळा निवडायचा होता. बायनरी सर्चला दर वेळी पंधरा-सोळा पायऱ्या लागत. वॉकरच्या एलियस पद्धतीने काम सुटलं.

समजा क, ख, ग यांच्या शक्यता 0.5, 0.3, 0.2 आहेत. तिन्हींना 3 ने गुणा: 1.5, 0.9, 0.6. आता प्रत्येकाचा खोका 1 पर्यंत भरायचा. ग मध्ये 0.4 कमी, ते क कडून घ्या. क उरला 1.1. ख ला 0.1 द्या, क बरोबर 1. निवडताना कुठलाही खोका समान शक्यतेने उचला, मग 0 ते 1 मधली यादृच्छिक संख्या घ्या. ग च्या खोक्यात ती 0.6 पेक्षा लहान असेल तर ग, नाहीतर क.

माझी चूक शेवटी होती. दशांश संख्यांच्या राउंडिंगमुळे एक खोका 0.9999999 वर अडकला, त्याला जोडीदारच नव्हता, आणि रिकामा निर्देशांक -1 बाहेर येई, तोही अगदी क्वचितच. उरलेल्या सगळ्या खोक्यांना थेट 1 दिल्यावर ते थांबलं. वजनं बदलली मात्र की तक्ता पुन्हा बांधावा लागतो.